बाबा आहेत पण सही करता येत नाही, मग काय? एका घराची पूर्ण केस

वडील ७४, आई ७०, ताई आईबाबांच्या जवळच राहते आणि धाकटा मुलगा लांबच्या शहरात. वडिलांनी आयुष्यभर हिशेब ठेवायचं काम केलेलं, त्यामुळे घरातला पैसा सगळा त्यांच्याच हातात, आणि आईचं काम म्हणजे ते सांगतील तिथे सही करणं. आईला खाती किती आहेत विचारलं तर "दोन-तीन असतील बाई" हे उत्तर. लोकांच्या घरच्या पैशाचं नियोजन हे माझं काम, मुलगा त्यासाठीच माझ्याकडे आला होता, आणि आला तोच वैतागून. नावंगावं लिहीत नाही, बाकी जसं झालं तसं सांगतो.

माझ्याकडे यायच्या आधीच त्याचा एक प्रयत्न फसला होता. त्याने इंटरनेटवरून एक एक्सेल शीट उतरवून घेतली, त्यात कॉलम होते बँक, खाते नंबर, शिल्लक, नॉमिनी, विमा, आणि शेवटचा कॉलम मृत्युपत्र. सुट्टीत घरी गेल्यावर लॅपटॉप उघडून बाबांसमोर बसला आणि म्हणाला, "बाबा, तुमचं सगळं एकदा यात भरून टाकू." बाबांनी शीट वरपासून खालपर्यंत वाचली, शेवटच्या कॉलमवर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे मी गेल्यावर काय मिळणार ते बघताय होय." विषय तिथेच संपला. पुढे महिनाभर फोनवर फक्त तब्येत आणि हवापाणी.

आता यात मुलाचा हेतू वाईट नव्हता, पण त्या शीटने दोन गोष्टी सगळ्यात आधी विचारल्या, किती आहे आणि मेल्यावर कोणाला. ज्या माणसाने कधी बायकोलाही आकडा सांगितला नाही त्याला मुलगा पहिल्याच बैठकीत आकडा विचारतोय. आणि आई शेजारी बसलेली असून तिला कोणी एक शब्द विचारला नाही, खरं तर उद्या सगळं निस्तरायचं आहे ते तिलाच!

मी त्याला म्हटलं मृत्युपत्र सध्या बाजूला ठेव, नॉमिनीही ठेव. माझ्या अनुभवात घरं अडकतात ती मृत्यूनंतर नाही, त्याच्या आधीच्या काळात अडकतात. म्हणजे माणूस जिवंत आहे पण स्ट्रोक झालाय, बोलता येत नाही, सही करता येत नाही किंवा समजत नाहीये. अशा वेळी नॉमिनीला काडीचाही अधिकार नसतो, तो खातेदार गेल्यावरच चित्रात येतो, मृत्युपत्राचंही तेच. आणि नेमका हाच काळ सगळ्यात खर्चिक, हॉस्पिटल चालू, घरी मदतनीस ठेवलेली, औषधं चालू, आणि पैसे आहेत पण ज्याच्या नावावर आहेत तो पलंगावर. बायको आहे म्हणून बँक आपोआप पैसे देत नाही हे लोकांना बँकेच्या काउंटरवर उभं राहिल्यावर कळतं.

इथे बरेच जण म्हणतात आमच्याकडे मुखत्यारपत्र आहे. ते नीट वाचावं लागतं. साधं मुखत्यारपत्र म्हणजे मी तुला माझ्या वतीने काम करायला सांगतोय, पण सांगणाऱ्यालाच समजेनासं झालं तर ते सांगणंही संपतं, हे जुनं तत्त्व. भारतात करार कायद्याचं कलम २०१ हेच म्हणतं, देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की अधिकार संपला. अमेरिकेत यासाठी 'ड्युरेबल' प्रकारचं मुखत्यारपत्र असतं, इंग्लंड-वेल्समध्ये २००७ पासून 'लास्टिंग' पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी आहे, ही दोन्ही त्या अवस्थेतही टिकावीत म्हणूनच केलेली आहेत. जिथे अशी सोय नाही तिथे कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो, त्यात वेळ जातो आणि पैसाही. म्हणून आपण राहतो तिथे काय चालतं हे वकिलाला एकदा विचारून घ्यायचं, आणि कागद करायचा तो माणसाला सगळं कळतंय तोवरच, नंतर केलेल्या कागदावर कोणीही बोट ठेवू शकतं.

दुसऱ्या वेळी मुलाने वेगळं केलं. स्वतःचे कागद घेऊन गेला. म्हणजे त्याची खाती, त्याचा टर्म इन्शुरन्स, होम लोन, सगळं एका कागदावर लिहून बाबांसमोर ठेवलं आणि म्हणाला, "बाबा, उद्या मला काही झालं तर हिला यातून मार्ग निघेल का, तुम्ही बघा ना जरा." आता हिशेबाचा माणूस तो, चष्मा लावला आणि पाच मिनिटांत चुका काढायला लागले, लोनसोबत विमा घेतलाय त्याचा कागद कुठाय, ऑफिसच्या पीएफवर अजून आईचंच नाव का, लग्न होऊन इतकी वर्षं झाली. (हे खरंच राहिलं होतं. लग्नाआधी भरलेला फॉर्म कोणी परत उघडत नाही.) त्या बोलण्यातच बाबांनी स्वतःहून त्यांच्या एका मित्राचा विषय काढला, अर्धांगवायू झाला, मुलं उसनवारी करून बिलं भरतायत आणि त्याच्या ठेवी तशाच पडून. तेव्हा मुलाने एकच प्रश्न विचारला, "बाबा, तुम्ही तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये असलात तर आईला त्या तीन आठवड्यांत काय काय भरावं लागेल, आणि कुठून?"

या प्रश्नात मरण नाही, वाटणी नाही, आकडाही नाही. बाबांनी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि त्यांच्याच लक्षात आलं की आईला यातलं एकही करता येणार नाही.

पुढची पायरी मी सगळ्यांनाच सांगतो, आठवून यादी करू नका. माणसाला स्वतःची खातीसुद्धा सगळी आठवत नाहीत. मुख्य खात्याचं मागच्या तेरा-चौदा महिन्यांचं स्टेटमेंट काढा, बारा नाही, कारण वर्षातून एकदाच जाणारा हप्ता तारखा मागेपुढे झाल्या तर बारामध्ये निसटतो. मग एकेक ओळ वाचायची. बाहेर गेलेला प्रत्येक पैसा कशाकडे तरी बोट दाखवतो, विमा, लॉकरचं भाडं, कर्ज, कुठलं तरी विसरलेलं सबस्क्रिप्शन, आणि आत आलेला प्रत्येक पैसा म्हणजे पेन्शन, ठेवीचं व्याज, शेअर्सचा डिव्हिडंड. छोटासा डिव्हिडंड जमा झालेला दिसला म्हणजे कुठेतरी शेअर्स आहेत, मग त्यांचे कागद शोधा. या घरात दोन दुपारी बाबा वाचत होते आणि आई वहीत लिहित होती, हे मुद्दाम असं ठेवलं, लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहतं.

काय सापडलं ते सांगतो. पहिलं, खात्याचा प्रकार. मुख्य खात्यावर आईचं नाव होतं त्यामुळे सगळे निश्चिंत होते. पण खातं उघडताना 'दोघांच्या सह्या लागतील' यावर टिक केलेलं! म्हणजे बाबा आजारी पडले असते तर आईचं नाव असूनही एक पैसा निघाला नसता. 'दोघांपैकी कोणीही' असं करायला फक्त एक फॉर्म, पण त्यावरही दोघांच्या सह्या लागतात, म्हणजे गरज पडते त्या दिवशी तो फॉर्म भरताच येत नाही. जॉइंट खातं आहे असं कोणी म्हणालं तर माझा पुढचा प्रश्न हाच असतो, चालवायचा अधिकार कसा दिलाय. ठेवींचंही वेगळं बघावं लागतं, खातं कोणीही चालवू शकेल असं असलं तरी ठेव मुदतीआधी मोडायला काही बँका सगळ्यांच्या सह्या मागतात.

मग ताई म्हणाली माझं पण नाव टाकून द्या ना सगळीकडे, सोपं पडेल. यावर मी थोडा आडवा आलो. मुलांचं नाव खात्यावर टाकलं की ते खातं मुलांच्या भानगडींशीही जोडलं जाऊ शकतं, मुलाचं कर्ज थकलं, घटस्फोट झाला तर तिकडून कोणीतरी त्या पैशावर बोट ठेवू शकतं. आणि वडील गेल्यावर ते पैसे सोयीसाठी ठेवले होते की तिला दिले होते यावरून भावंडांत जुंपते. त्यामुळे ठरलं ते असं की सगळ्या खात्यांवर आईच, आणि एक घरखर्चाचं वेगळं खातं, त्यात सहा महिन्यांचा खर्च कायम राहील एवढे पैसे, तेवढ्याच खात्यावर ताईचं नाव. काही बिघडलंच तर नुकसानही तेवढ्यापुरतंच.

दुसरं म्हणजे आरोग्य विमा, आणि इथे खरंच थोडक्यात निभावलं. मागच्या वर्षी विम्याचा हप्ता गेलेला दिसत होता, या वर्षी तो महिना उलटून गेला तरी ओळच नाही. शोधलं तर ऑटो डेबिट ज्या कार्डवर लावलं होतं ते एक्स्पायर झालेलं, नवं कार्ड आलं पण विमा कंपनीकडे नंबर जुनाच, आणि कंपनीचे मेसेज जात होते बाबांच्या बंद झालेल्या मोबाईल नंबरवर. ग्रेस पिरियडचे थोडे दिवस शिल्लक होते, त्याच दिवशी भरलं. लॅप्स झाली असती तर या वयात नवी पॉलिसी मिळणंच कठीण, आणि मिळाली तरी जुन्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड पहिल्यापासून सुरू. ग्रेस पिरियडबद्दल अजून एक लोकांना माहीत नसतं, त्या दिवसांत पॉलिसी वाचवता येते पण त्याच दिवसांत आजारी पडलात तर क्लेम मिळेलच असं नाही, ते त्या पॉलिसीच्या अटींवर आहे.

हप्ता भरल्यावर मी पॉलिसीसोबतचा मूळ फॉर्म मागितला, पॉलिसीचं छापील पुस्तक नाही, आपण भरलेला फॉर्म. त्यात डायबेटिस आहे का, तर 'नाही'. बाबा पॉलिसी घ्यायच्या आधीपासून गोळ्या घेतायत. फॉर्म एजंटने भरला होता, बाबांनी शेवटी सही केली, हे किती घरांत झालंय विचारू नका. क्लेमच्या वेळी कंपनी हॉस्पिटलचे जुने पेपर मागवते, त्यात 'डायबेटिस इतक्या वर्षांपासून' असं डॉक्टरनी सहज लिहिलेलं असतं, आणि तेवढ्यावरून क्लेम अडकू शकतो. आता कळवलं तर हप्ता वाढेल किंवा कंपनी काही अटी घालेल, अगदी पॉलिसी रद्दही करू शकते, न कळवलं तर दरवर्षी हप्ता भरायचा आणि ऐन वेळी हात वर. आधी विम्यातल्या जाणकाराला कागद दाखवले, मग लेखी कळवायचं ठरलं. कंपनीने हप्ता वाढवला. बाबा चिडले, "गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं" म्हणाले, आणि त्यांचं चिडणं मला समजतं, कारण हप्ता आज दिसतो आणि अडकलेला क्लेम कधी दिसणार ते माहीत नसतं.

तिसरी गोष्ट मात्र कागदांची नव्हती. स्टेटमेंट वाचताना बाबा एका ओळीवरून भराभर पुढे जायचे. दर महिन्याला नाही, अधूनमधून, एकाच कर्ज खात्यात पैसे गेलेले. आई म्हणाली, "हे कसलं हो?" तर "ते राहू दे, ते वेगळं आहे." बाकी प्रत्येक गोष्टीवर मोकळेपणाने बोलणारा माणूस एकाच फाइलवर गप्प होतो तेव्हा समजायचं की इतकी वर्षं सगळंच झाकून ठेवण्याचं कारण तिथे आहे. मुलाने त्या वेळी काहीच विचारलं नाही, हे त्याने फार चांगलं केलं. दुसऱ्या दिवशी फिरायला गेले तेव्हा बाबांनीच सांगितलं, काकांच्या धंद्याच्या कर्जाला ते जामीन राहिलेत, धंदा बसला, आणि काकांचा हप्ता चुकला की तो बाबा भरतात. आईला सांगितलं नाही कारण तिने तेव्हाच नको म्हटलं होतं.

म्हणजे बाबा एक्सेल शीट बघून चिडले ते मरणाच्या विषयावर नाही, निदान फक्त त्यावर नाही. सगळं उघडलं तर हेही उघडेल ही भीती होती. मी अशी बरीच घरं बघितलीत, मागे काहीतरी असतं, बुडालेली गुंतवणूक, कोणाला दिलेले पैसे, मुलांना वाटतं त्यापेक्षा खूपच कमी शिल्लक. आईवडील अंधश्रद्धाळू आहेत, मरणाचं बोलू देत नाहीत असं आपण ठरवून टाकतो, ते दरवेळी खरं नसतं.

जामीनकीचं पुढे काय केलं, तर बँकेकडून उरलेलं कर्ज लेखी मागवलं, तोंडी नाही. जामीन म्हणजे फक्त ओळख दिलेली नसते, बहुतेक ठिकाणी बँक सरळ जामीनदाराकडून सगळी रक्कम मागू शकते, आणि तो गेल्यावरही आधीच झालेल्या देण्यापुरता त्याच्या मालमत्तेवर दावा राहू शकतो. जामीनकीतून बाहेर पडायचं तर बँकेची संमती लागते, म्हणजे दुसरा जामीनदार किंवा तारण. काका तयार झाले नाहीत. पण उरलेला आकडा कळला आणि तो बाबांच्या मनात होता त्यापेक्षा बराच कमी निघाला, कारण मधल्या काळात काकांनीही भरलं होतं. आई दोन दिवस बोलली नाही मग बोलली.

यानंतर कागद झाला. वहीची दोन पानं, बाबांच्या अक्षरात. त्यात शिल्लक कुठेच लिहिलेली नाही, फक्त काय कुठे आहे, कोणत्या नावांनी आहे, कुठला कागद कुठल्या कपाटात, हप्ता कधी जातो आणि फोन कोणाला करायचा. पासवर्ड त्यात लिहायचे नाहीत, कारण कागद हरवतो, आणि दुसऱ्याचं लॉगिन वापरून पैसे हलवणं मुलांनी केलं तरी अडचणीचं ठरू शकतं, अधिकार कागदाने द्यायचा असतो. फक्त मोबाईलचा पिन आईला तोंडी सांगितला, कारण हॉस्पिटलचा, विम्याचा, प्रत्येक ओटीपी त्याच फोनवर येणार आणि फोन लॉक असला तर सगळी घडी विस्कटते. सगळीकडचा जुना मोबाईल नंबर बदलायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला, विश्वास बसणार नाही.

मुखत्यारपत्र कोणाच्या नावाने यावरून भावाबहिणीत थोडं वाजलं. मुलाला वाटत होतं पैशाचं मला कळतं, ताईला वाटत होतं धावपळ तर मीच करणार. दोघांनी मिळूनच सही करायची असं ठेवलं तर एकमेकांवर लक्ष राहतं, पण मग एक जण प्रवासात असला तरी काम थांबतं. वकिलाने सांगितलं तसं ताईच्या नावाने केलं, बिलं भरणं आणि विम्याचं काम एवढ्यापुरतं, घर विकण्याचा अधिकार नाही, आणि ताईने दर महिन्याचं स्टेटमेंट भावाला पाठवायचं असं आपसात ठरलं. पण हे साधं मुखत्यारपत्र आहे, बाबांना समजेनासं झालं तर ते चालणार नाही, हे दोघांना दोनदा सांगितलं. त्या दिवसासाठी आईचं 'दोघांपैकी कोणीही' हेच खरं.

ही समज जाते ती एका दिवसात नाही, आणि पैशाच्या व्यवहारात ती बऱ्याचदा आधी दिसते. २०२० मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात एकट्या राहणाऱ्या ज्या वृद्धांना पुढे डिमेन्शियाचं निदान झालं त्यांची बिलं वेळेवर न भरण्याचं प्रमाण निदानाच्या सहा वर्षं आधीपासून वाढलेलं दिसलं. म्हणून ताई आता स्टेटमेंट बघताना शिल्लक बघत नाही, तेच बिल दोनदा भरलंय का, ठरलेला हप्ता चुकलाय का, अनोळखी ठिकाणी पैसे गेलेत का, हे बघते. एखादं बिल चुकलं तर काही नाही, आपलंही चुकतं. पण आयुष्यभर पैन् पै लिहिणाऱ्या माणसाचं लागोपाठ चुकायला लागलं तर डॉक्टरकडे जायचं.

मृत्युपत्र अजून झालेलं नाही. बाबा म्हणतात काकांचं कर्ज फिटू दे, मग लिहितो, कारण तोवर काय उरणार हेच त्यांना पक्कं नाही. मी म्हटलं आकडा न लिहिता हिश्श्यांत लिहिता येतं, उरेल त्याचा इतका भाग याला, इतका त्याला, त्यावर ते "बघू" म्हणाले. एका जुन्या आयुर्विमा पॉलिसीवर नॉमिनी म्हणून आजीचं नाव होतं, आजी जाऊन कित्येक वर्षं झाली, ते मात्र त्यांनी त्याच आठवड्यात स्वतः जाऊन बदललं. लॉकरची दुसरी किल्ली अजून सापडलेली नाही.